वाफ घेताना या चुका टाळा: पातेलं, टॉवेल आणि निलगिरीचे थेंब

मागच्या जुलैमध्ये घणसोलीला बहिणीकडे जे झालं ते बघून हे लिहितेय. तिला सर्दी झालेली, गॅसवरून उकळतं पातेलं उचललं, थेट बेडवर ठेवलं, वर टॉवेल घेतला आणि पाच वर्षांचा भाचा "मला पण" म्हणत टॉवेलमध्ये घुसला, गादी दबली, पातेलं कलंडलं आणि पाणी त्याच्या मांडीवर. सासूबाई घाबरून टूथपेस्ट घेऊन धावल्या, पण शेजारच्या काकूंनी त्याला उचलून सरळ नळाखाली धरलं, वीस मिनिटं साधं पाणी सोडलं, मग स्वच्छ कापडाने झाकून हॉस्पिटलला नेलं. हेच बरोबर आहे. बर्फ नको, पेस्ट नको, हळद पण नको.

पण मूळ चूक त्याच्या आधीची होती, वाफेने आणि तेलाच्या थेंबांनी नाक खरंच मोकळं होतं असं समजण्याची. वाफेत निलगिरी किंवा पुदिन्याचं तेल टाकलं की नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं ना, ते बरंचसं वाटणंच असतं. पुदिन्यातलं मेन्थॉल नाकातल्या गारवा ओळखणाऱ्या नसांना जागं करतं, त्यामुळे हवा जास्त येतेय असं वाटतं, पण मोजलं तर नाकातली सूज तेवढीच असते. मग जरा वेळाने परत चोंदलं की आपण अजून थेंब टाकतो, अजून गरम पाणी घेतो, अजून खाली वाकतो, आणि तिथेच भाजतं.

डोळे चुरचुरायला लागले, डोकं दुखायला लागलं किंवा खोकल्याची उबळ आली तर थेंब जास्त झालेत, लगेच बाजूला व्हा, खिडकी उघडा. दमा असेल तर तेल टाकूच नका.

मोठ्यांना वाफेने बरं वाटत असेल तर घ्या, पण गॅस बंद करून पाणी थोडा वेळ तसंच राहू द्या, पातेलं टेबलावर मधोमध ठेवा, डोळे मिटा, पाच-सात मिनिटं पुरे. लहान मुलांना पातेल्याची वाफ नकोच, त्यांच्यासाठी मिठाच्या पाण्याचे, म्हणजे सलाईनचे नाकातले थेंब मेडिकलमध्ये मिळतात. दोन वर्षांखालच्या बाळाच्या नाकाजवळ मेन्थॉल, कापूर, निलगिरी काहीच नको, श्वास अडकू शकतो. वाफेच्या पाण्यात फोडून टाकायच्या कॅप्सूलमध्ये पण बहुतेक हेच असतं, नीट वाचा.

आणि तेलाची बाटली वर ठेवा प्लीज! लहान मुलाने चमचाभर जरी प्यायलं तरी गुंगी येते, फिट येऊ शकते. अशा वेळी उलटी करायला लावू नका, बाटली सोबत घेऊन हॉस्पिटल गाठा.

२०२१ मध्ये कोविडच्या वेळी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर "वाफेने व्हायरस मरतो" फिरत होतं. व्हायरस मरेल एवढी गरम वाफ नाकात गेली तर आधी नाकच भाजेल. डिफ्यूझरने घरातली हवा शुद्ध होते, तळपायाला निलगिरी चोळली की सर्दी उतरते, यालाही पुरावा नाही. प्रयोगशाळेत काचेच्या बशीत तेलाने जंतू मेले म्हणून आपल्या नाकात मरतात असं होत नाही. सर्दी बहुतेक वेळा आठवडा-दहा दिवसांत आपली आपण जाते, धाप लागली किंवा ताप उतरतच नसेल तर मात्र वाफेवर वेळ न घालवता डॉक्टरकडे जा.