पट्टीचा पोहणारा खदानीत का बुडतो? उडीनंतरच्या दोन मिनिटांत होणाऱ्या चुका

खदानीत किंवा धरणात पोरगा बुडाला की किनाऱ्यावर दोनच कारणं ऐकू येतात: पायात गोळा आला, नाहीतर भोवऱ्यात ओढला गेला. पण खदानीच्या साचलेल्या पाण्यात भोवरा येणार कुठून? बरेचदा खरं कारण त्याआधीच घडून गेलेलं असतं, पहिल्या मिनिटाच्या आत. त्याला थंड पाण्याचा झटका म्हणतात.

कातडी एकदम गार झाली की शरीर आपल्याला न विचारता मोठा श्वास आत ओढतं. हा श्वास दोन-तीन लिटरचाही असू शकतो. पाठोपाठ धाप लागते, नाडी आणि रक्तदाब चढतात. एरवी मिनिटभर श्वास रोखणारा माणूस इथे काही सेकंदांतच हार मानतो. पाणी २५ अंशांच्या खाली गेलं की हा प्रकार सुरू होतो आणि १० ते १५ अंशांच्या आसपास सर्वात जोरात असतो. आपल्या नाशिक भागातल्या खदानी-धरणांचं पाणी सहसा इतकं गार नसतं, त्यामुळे झटका सौम्य असतो. पण तोंड पाण्याखाली असताना सौम्य झटकाही पुरेसा होतो.

चूक पहिली: पायाने पाणी बघून उडी मारणं

मे महिन्यातली दुपार घ्या. हवा ३८ अंश, गाडीवरून आल्यामुळे अंग तापलेलं. कडेला पाय बुडवला तर पाणी कोमट. पण ऊन फक्त वरचा थर तापवतं. खोल खदानीत वारा फारसा पोचत नाही, पाणी ढवळलं जात नाही, आणि खालचा थर गारच राहतो. पाच मीटर उंच कपारीवरून उडी मारली तर पाण्याला भिडताना वेग ताशी सुमारे ३५ किलोमीटर असतो. अंग सरळ तीन-चार मीटर खाली, त्या गार थरात जातं. तिथे तो श्वास आत ओढला गेला तर हवेऐवजी पाणी आत जातं. वर यायला दोन-तीन सेकंदच लागतात, पण तोवर खोकला सुरू झालेला असतो.

म्हणून मुटका नको, सूर तर नकोच. उतार असेल तिथून पायांनी आत जा, छातीपर्यंतच्या पाण्यात उभे राहा आणि श्वास संथ झाल्याशिवाय पाय सोडू नका. सावकाश उतरता येत नसेल अशा जागी पोहूच नये.

चूक दुसरी: लगेच हात मारायला लागणं

जास्त करून चांगले पोहणारे फसतात ते इथे. तरणतलावात हात आणि श्वास यांचा ताल पक्का बसलेला असतो: तोंड वळलं की श्वास. धाप लागलेली असताना श्वास सेकंदाला एक या वेगानेही चालू शकतो, तो हाताच्या तालाची वाट बघत नाही. मग तोंड पाण्यात असतानाच श्वास घेतला जातो. माणूस घाबरतो, जास्त जोर लावतो, धाप आणखी वाढते.

उपाय पोहण्याच्या उलट आहे. पाठीवर व्हा. डोकं मागे टाका, इतकं की कान पाण्यात जातील. हातपाय पसरा आणि हात हलकेच फिरवत राहा. पाय खाली गेले तरी चालतील, नाक-तोंड वर राहिलं म्हणजे झालं. ६० ते ९० सेकंद एवढंच करा. झटका आपोआप ओसरतो. त्यानंतर ओरडा, कशाला तरी धरा किंवा किनारा गाठा. हे तरंगणं आधी तलावात करून बघा, पहिल्यांदाच खदानीत जमेल असं नाही.

चूक तिसरी: बाहेर यायची जागा न बघणं

खदानीच्या भिंती उभ्या कापलेल्या आणि पाण्यालगत शेवाळलेल्या असतात. पाणी बरंच गार असेल तर दहा-पंधरा मिनिटांत बोटांची पकड सुटायला लागते. ज्या कपारीवरून उडी मारली, तिथेच वर चढता येईल असं गृहीत धरू नका. गंगापूर, दारणा, मुकणे अशा धरणांच्या काठाला कातळ नसला तरी गाळ असतो. दारू प्यायलेली असेल तर तिन्ही चुका एकदमच होतात.

चूक चौथी: मित्रामागे उडी

त्याला जो झटका बसला तोच तुम्हाला बसणार. शिवाय घाबरलेला माणूस गळ्यालाच मिठी मारतो. पाच लिटरचा रिकामा कॅन झाकण घट्ट लावून, दोरी बांधून फेका. दोरी नसेल तर ओढणी, फांदी, बांबू काहीही चालेल, पण स्वतः काठावर आडवे पडून द्या. "पाठीवर हो, तरंग!" असं ओरडत राहा आणि दुसऱ्या कोणाला ११२ लावायला सांगा.

बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवू नका. पोट दाबल्याने उलटी होऊन ती फुप्फुसात जाऊ शकते. बुडालेल्याला आधी हवा लागते: नाक चिमटून तोंडाने पाच श्वास द्या, मग छातीच्या मध्यावर ३० दाब आणि २ श्वास, हे चक्र मदत येईपर्यंत चालू ठेवा. तो शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्याच. पाणी फुप्फुसात गेलं असेल तर धाप काही तासांनीही वाढू शकते.