व्हॉलंटरी डिपार्चर घ्या, पण आधी दिवस मोजा

अमेरिकेच्या इमिग्रेशन कोर्टात केस उभी राहिली आणि ती जिंकणं अवघड आहे असं वकिलाने सांगितलं, की ओळखीपाळखीचे सगळे सल्लागार जागे होतात. ‘गुपचूप विमानात बस आणि मोकळा हो’ हा त्यांचा आवडता सल्ला, आणि तोच सर्वांत घातक. तुम्ही गेलात तरी केस तिथेच राहते. पुढच्या तारखेला तुम्ही गैरहजर दिसलात की न्यायाधीश तुमच्यामागे रिमूव्हल ऑर्डर, म्हणजे हकालपट्टीचा आदेश काढू शकतात. देशात राहत असताना निघालेल्या पहिल्या आदेशाने साधारण दहा वर्षं परतीचा रस्ता बंद होतो, दुसऱ्यांदा निघाला तर वीस. या काळात यायचं तर आधी सरकारची खास परवानगी मागावी लागते.

व्हॉलंटरी डिपार्चर म्हणजे नुसतं आपणहून जाणं नव्हे. न्यायाधीशांकडून मागून घेतलेली ती सवलत आहे. ठरलेल्या तारखेच्या आत बाहेर पडलात तर नावावर हकालपट्टी लागत नाही.

मागायची ती सुरुवातीलाच. तेव्हा १२० दिवसांपर्यंत मुदत मिळू शकते, पण बाकीचे अर्ज मागे घ्यावे लागतात आणि अपिलाचा हक्क सोडावा लागतो. केस शेवटपर्यंत लढवून मग मागितली तर जास्तीत जास्त ६० दिवस, वर किमान ५०० डॉलरचा बाँड, आणि अटीही कडक.

आता अवघड भाग. इथेच मी एकदा तोंडावर आपटलो.

वकिलाच्या ऑफिसात फाइली सांभाळायला लागलो तेव्हा मला वाटायचं, व्हॉलंटरी डिपार्चर मिळालं की मागचं सगळं पुसलं जातं. तसं नसतं. बेकायदा मुक्कामाचा हिशोब पूर्ण वेगळा चालतो. तो १८० दिवसांच्या वर पण वर्षाच्या आत असेल आणि केस सुरू होण्याआधी तुम्ही आपणहून निघालात, तर तीन वर्षं बंदी. वर्ष भरलं की दहा वर्षं, मग व्हॉलंटरी डिपार्चर हातात असो वा नसो. केस चालू असली म्हणून हे घड्याळ थांबत नाही. ते थांबतं सवलत मंजूर झाल्यावर, तेही तिच्या मुदतीपुरतं.

एक उदाहरण घेऊ. पाहुणी म्हणून आलेल्या एका बाईंच्या आय-९४ वरची, म्हणजे अमेरिकेत प्रवेशाच्या नोंदीवरची, मुक्काम संपायची तारीख ३१ मार्च २०२४. मोजणी १ एप्रिलपासून. नोव्हेंबरमध्ये कोर्टात केस दाखल झाली. २१ जानेवारी २०२५ ला पहिल्याच सुनावणीत सवलत मिळाली. तोवर २९५ दिवस झाले होते. वर्ष भरलं नाही, म्हणून दहा वर्षांची बंदी नाही. आणि त्या केस सुरू झाल्यानंतर निघाल्या, म्हणून तीन वर्षांचीही नाही! नियमाची ही खाच कित्येकांना ठाऊक नसते. याच बाईंनी कागद जमवायला म्हणून एप्रिलपर्यंत तारीख पुढे ढकलून घेतली असती, तर तीच सवलत मिळूनही दहा वर्षं गेली असती. माझ्या पहिल्या केसमध्ये नेमकं हेच झालं. तारीख पुढे मागायचा सल्ला माझाच होता.

म्हणून तारीख वाढवून मागण्याआधी आय-९४ समोर ठेवा आणि बोटांवर दिवस मोजा. वयाच्या अठरा वर्षांआधीचे दिवस धरत नाहीत. विद्यार्थी व्हिसावर आय-९४ वर तारखेऐवजी ‘डी/एस’, म्हणजे विद्यार्थी दर्जा टिकेपर्यंत मुक्काम, असं असेल तर मोजणी वेगळी, ती वकिलाकडूनच करून घ्या.

मुदत चुकवू नका. एक दिवस उलटला तरी सवलतीचं हकालपट्टीच्या आदेशात रूपांतर होतं, दंड होतो आणि दहा वर्षं ग्रीन कार्डासाठी तिथूनच अर्ज करण्यासारख्या वाटा बंद होतात. तिकीट शेवटच्या दिवसाचं काढणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. विमान रद्द होतं, पासपोर्ट संपलेला निघतो. निदान दहा दिवस हाताशी ठेवा.

आणि पुरावा. अमेरिका बाहेर पडताना पासपोर्टवर शिक्का मारत नाही. बोर्डिंग पास आणि मायदेशी उतरल्याचा शिक्का जपून ठेवा. गेल्याची नोंद करण्यासाठी फॉर्म दिला असेल तर तो घेऊन तिथल्या अमेरिकी वकिलातीत स्वतः जा. बाँड भरला असेल तर त्याचे पैसेही या पुराव्यावरच परत मिळतात. जुना व्हिसा मात्र विसरा. मुदतीपेक्षा जास्त राहिल्यामुळे तो रद्दच झालेला असतो, नवा मायदेशातूनच मागायचा. त्या अर्जात मागची केस लपवू नका. खोटं सापडलं तर त्याची बंदी कायमची असते.