विम्याच्या जाहिरातीसाठी घरातला फोटो एआयकडून काढून घ्यायचा असेल तर प्रॉम्प्ट असा लिहा

आमच्या ओळखीतल्या एका विमा एजंटला फॅमिली फ्लोटर पॉलिसीचं पोस्टर हवं होतं, म्हणजे एकाच पॉलिसीत सगळं घर. त्याने स्वतःच ट्राय केलं होतं, 'आनंदी भारतीय कुटुंब, विम्याची जाहिरात' एवढंच टाकून. आलं काय तर सोफ्यावर सात जण एका रांगेत, सगळ्यांचे बत्तीस दात बाहेर, आजी म्हणजे पस्तिशीतली बाई केस पांढरे करून बसवलेली. लग्नाच्या स्टेजवरचा फोटो जणू.

असं होतं कारण ही टूल्स फोटो आणि त्याखालचं वर्णन अशा जोड्यांवर शिकलेली असतात, आणि 'आनंदी कुटुंब' हे वर्णन स्टुडिओत काढलेल्या विकाऊ फोटोंखालीच जास्त असतं. म्हणून पहिली स्टेप, भावनेचे शब्द काढून टाका. आनंदी, प्रेमळ, उबदार, काही नको. त्याऐवजी घरातलं एक काम द्या ज्यात सगळ्यांचे हात गुंततील. आम्ही मटार सोलणं घेतलं. परात मध्ये ठेवली की माणसं आपोआप तिच्याभोवती जवळ येतात, हात बिझी आणि मान खाली, मग कॅमेऱ्याकडे बघायला वेळच कुणाला.

आता माणसं. चारच ठेवा, पाच झाली तर कुणाचा हात कुणाला चिकटलाय ते शोधत बसाल. प्रत्येकाचं वय आकड्यात लिहा आणि वय दिसेल अशी एक खूण द्या, कारण नुसतं 'आजी' म्हटलं की टूल बऱ्याचदा चेहरा तरुणच ठेवतं. हातावरच्या शिरा, मानेची सैल कातडी, नाकावर घसरलेला चष्मा असं लिहिलं की बाई खरंच सत्तरीची दिसते. आणि कोण कुठे बघतंय हे प्रत्येकाचं वेगळं लिहा. 'कॅमेऱ्याकडे बघू नका' असं लिहिलं तर बऱ्याचदा उलटंच होतं, नको म्हटलेली गोष्टच चित्रात येऊन बसते, त्यापेक्षा 'परातीकडे बघतेय' लिहा.

हसण्याचं पण तसंच आहे, सगळे सारखे हसले की फोटो खोटा वाटतो. एकालाच हसू द्या, बाकीचे आपापल्या कामात.

शेवटी आम्ही जे टाकलं ते हे:

```
हिवाळ्यातली संध्याकाळ, मध्यमवर्गीय मराठी घराचा
हॉल. चटईवर चार जण स्टीलच्या परातीभोवती मटार
सोलतायत. आजी, ७२, सुती साडी, पदर डाव्या खांद्यावरून मागे, हातावर शिरा, चष्मा
नाकावर घसरलेला, नजर शेंगेवर. नातू, ६, परातीतले
दाणे तोंडात टाकतोय. आई, ३६, त्याला बघून हसू
दाबतेय. बाबा, ४०, ऑफिसचा शर्ट, बाह्या दुमडलेल्या,
भिंतीला टेकून सोलतोय. डावीकडून खिडकीचा उजेड.
कॅमेरा बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर.
वरचा एक तृतीयांश भाग रिकामी भिंत. उभा फोटो, ४:५.
```

कॅमेऱ्याची उंची विसरू नका हं, माणसं जमिनीवर आणि कॅमेरा उभ्या माणसाचा असला तर सीसीटीव्हीतून बघितल्यासारखं दिसतं. वरची भिंत रिकामी ठेवली ती मजकुरासाठी.

पहिल्यांदा आम्ही चटईऐवजी पेपर पसरला होता, घरी तसंच करतो ना. पण पेपरवर जी अक्षरं आली ती कुठल्याच भाषेतली नव्हती, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरचं पण तेच. म्हणून जिथे अक्षरं असतात त्या वस्तू प्रॉम्प्टमध्ये टाकूच नका. पोस्टरचा मजकूर पण टूलकडून लिहून घेऊ नका, जोडाक्षरं बऱ्याचदा फुटतात, तो नंतर डिझाइनच्या ॲपमध्ये टाका.

फोटो आला की झूम करून आधी बोटं मोजा, मग पदर बघा. आमच्या दुसऱ्या फोटोत आजीचा पदर उजव्या खांद्यावरून पुढे आलेला, गुजराती पद्धतीचा. तसा फोटो कुणाला चुकीचा वाटणार नाही, पण सातारच्या घरात तो खटकतो. 'पदर डाव्या खांद्यावरून मागे' एवढंच वाढवलं. दुरुस्ती करताना एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने काय बिघडलं ते कळत नाही. तिसऱ्या वेळी जमलं, नातवाचा एक गाल दाण्यांनी फुगलेला, ते आम्ही सांगितलंही नव्हतं.

एजंट असाल तर अजून एक काम राहतं, पोस्टर स्टेटसला टाकायच्या आधी ते मजकुरासकट कंपनीकडे पाठवून लेखी मंजुरी घ्यावी लागते. आमच्याकडे ती यायच्या आतच गड्याने फॅमिली ग्रुपवर टाकलं होतं, मग डिलीट करायला लावलं.