कौलारू घरावर सोलर बसवताना: आक्षेप कशाला येतो आणि छप्पर न दुखवता काम कसे करावे

पणजीच्या फोन्तेन्हासमध्ये, कोकणातल्या एखाद्या जुन्या वाडीत किंवा मुंबईतल्या शिल्लक राहिलेल्या कौलारू वस्तीत सोलरचा विषय निघाला की पुरवठादार सहसा एकच उपाय सुचवतो: कौलांच्या वर सहा-सात फूट उंच लोखंडी पाइपांचा सांगाडा आणि त्यावर पॅनेल. स्लॅबच्या घरावर ते चालून जाते. मंगलोरी कौलांच्या घरावर मात्र आक्षेपाची सुरुवात याच सांगाड्यापासून होते, आणि माझ्या मते तो आक्षेप रास्त असतो. सोलरला नाही म्हणणारे फार कमी असतात. पॅनेल कुठे आणि कशाला जखडणार, यावरच बहुतेक वेळा घोडे अडते.

आधी आक्षेप समजून घ्या

पहिला आक्षेप दिसण्याचा असतो. जुन्या गल्लीतल्या घरांना एकत्र बांधून ठेवते ती छपरांची सलग तांबडी रेघ. तिच्यात निळसर काचेचा, चंदेरी कडांचा चौकोन आला की नजर तिथेच अडकते. फोन्तेन्हास आल्तिनो टेकडीच्या पायथ्याशी आहे, त्यामुळे तिथे आणखी एक अडचण येते. रस्त्यावरून न दिसणारा छपराचा मागचा उतार, म्हणजे मागचे पाखेही, मळ्याच्या मारुती मंदिराच्या बाजूने, टेकडीवरून, पूर्ण दिसते. "मागच्या बाजूला लावतो, कोण बघतंय" हे उत्तर तिथे पुरत नाही.

दुसरा आक्षेप कौलांचाच आहे. मंगळूरला बाझल मिशनने 1865 मध्ये कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ही कौले पश्चिम किनाऱ्यावर सगळीकडे पोचली. जुन्या कौलाच्या पाठीवर कारखान्याचा शिक्का असतो. वेगवेगळ्या कारखान्यांचे साचे थोडे वेगळे, त्यामुळे नवे कौल जुन्याच्या खाचेत नीट बसेलच असे नाही. बसवणाऱ्यांच्या पायाखाली वीस-पंचवीस कौले फुटली तर ती बदलायला त्याच साच्याची कौले मिळणे कठीण.

तिसरा आक्षेप लाकडाचा. तो सर्वांत कमी बोलला जातो आणि सर्वांत महत्त्वाचा आहे.

वजनाची भीती कमी, वाऱ्याची जास्त

एका चौरस मीटरला साधारण पंधरा मंगलोरी कौले लागतात. एक कौल अडीच किलोच्या आसपास धरले तर कौलांचेच वजन पस्तीस ते चाळीस किलो होते. 540 वॅटचे पॅनेल अंदाजे 28 किलोचे आणि अडीच चौरस मीटरचे असते. अॅल्युमिनियमच्या पट्ट्या धरूनही त्याचा भार चौरस मीटरला पंधरा किलोच्या आत राहतो. वासे धडधाकट असतील तर इंजिनिअर बहुधा तो मान्य करतो.

खरा प्रश्न वारा वर उचलतो तेव्हाचा आहे. भारतीय मानकात वाऱ्याचा मूलभूत वेग गोव्यासाठी सेकंदाला 39 मीटर आणि मुंबईसाठी 44 मीटर धरतात. 39 मीटरला दाब चौरस मीटरमागे नव्वद किलोच्या आसपास निघतो. म्हणजे 28 किलोच्या पॅनेलला ढोबळमानाने दोनशे किलोंहून जास्त जोर वर ओढू शकतो. नेमका आकडा उतार, उंची आणि पॅनेल कडेला आहे की मधे यावर बदलतो, पण अंदाज यायला एवढे पुरे.

जुने कौलारू छप्पर बरेचसे स्वतःच्या वजनावर बसलेले असते. कौले वाशांवर आडव्या ठोकलेल्या रिपांना फक्त अडकवलेली असतात, आणि सोसाट्याच्या वाऱ्यात फटींतून हवा जाते, फार तर काही कौले उडतात. पॅनेल मात्र वाशांना घट्ट बांधलेले असते. ते उचलले गेले तर वासा घेऊन उचलले जाते. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्याला लागले, तेव्हा रायगड-रत्नागिरीत किती छपरे गेली हे तिथल्या लोकांना सांगायला नको. म्हणून पॅनेलच्या आधी वासे खाली भिंतीवरच्या पाटाला आणि वर आढ्याला लोखंडी पट्टीने बांधून घ्या. पाटही भिंतीला धरलेला आहे ना, ते बघा. हे काम आतून होते, बाहेरून काही दिसत नाही आणि सोलर नाही बसवला तरी वाया जात नाही.

लाकूड तपासणे अवघड नाही. पावसाळा संपल्यावर माळ्यावर चढून वाशांवर पाण्याचे डाग शोधा. वाशाची दोन्ही टोके, विशेषतः वळचणीकडचे, जाड टोच्याने टोचून पाहा. टोच्या सहज आत गेला तर वाळवी किंवा कूज आहे. आढ्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणा, मधे बाक किती आहे ते लगेच कळते. बाक मोठा असेल तर आधी सुतार, मग सोलर.

जागा ठरवा: मुख्य छप्पर सगळ्यात शेवटी

समजा घर पूर्वाभिमुख आहे. आढे रस्त्याला समांतर, म्हणून एक पाखे रस्त्याकडे पूर्वेला आणि दुसरे मागे पश्चिमेला. मागे नंतर बांधलेले न्हाणीघर-स्वयंपाकघर आहे, त्यावर साधारण चार बाय पाच मीटरचा स्लॅब आणि दोन फुटांचा कठडा. जुन्या घरांना अशी पुरवणी बऱ्याचदा असते. महिन्याची वीज अडीचशे युनिटांच्या आसपास.

पुरवठादार इथे तीन किलोवॉट सुचवेल, कारण पीएम सूर्यघर योजनेत दोन किलोवॉटला 60 हजार आणि तीनला 78 हजार रुपये अनुदान मिळते. पण एक किलोवॉट दिवसाला सरासरी चार युनिट देतो. 540 वॅटची चार पॅनेल म्हणजे 2.16 किलोवॉट, महिन्याला सरासरी अडीचशेच्या वर युनिट. जुलैत कमी, मार्चमध्ये जास्त, आणि नेट मीटरिंगमुळे, म्हणजे जास्तीची वीज वीज कंपनीला देऊन ती बिलातून वजा होत असल्याने, पुष्कळसा हिशेब जुळतो. म्हणजे सहा पॅनेलऐवजी चार पुरतात आणि चार पॅनेल त्या स्लॅबवर मावतात. कौलांना हात लावायची गरजच उरत नाही.

स्लॅबवर पॅनेल आडवी ठेवा, दहा अंशांच्या कलाने. आडव्या पॅनेलची रुंदी सव्वा मीटरच्या आत असते, त्यामुळे मागची कड पुढच्यापेक्षा जेमतेम वीस सेंटिमीटर उचलली जाते. खालचा पाया बुटका ठेवला तर सगळे कठड्याआड जाते. आपल्या अक्षांशावर कल थोडा कमी-जास्त झाल्याने उत्पादन फारसे घटत नाही. दहापेक्षा सपाट मात्र ठेवू नका, पावसाने धूळ धुतली जात नाही. टेकडीवरून पॅनेल तरीही दिसतील, पण करड्या स्लॅबवर. कौलांची रेघ अखंड राहते, आणि परवानगी देणाऱ्या समितीपुढे मांडायला हा मुद्दा भक्कम असतो.

स्लॅब नसेल तर परसात जमिनीवर, गोठ्यावर किंवा पत्र्याच्या पडवीवर बघा. नारळाखाली नको: सावली तर पडतेच, शिवाय वरून पडलेला नारळ पॅनेलची काच शिल्लक ठेवत नाही. काहीच जमत नसेल तेव्हा मागच्या पाख्याकडे वळा. दक्षिणेचा उतार सर्वांत चांगला. पूर्व-पश्चिमेला वर्षभरात दहा टक्क्यांच्या आतबाहेर नुकसान होते, एवढे चालवून घ्यावे. उत्तरेला साधारण पाचवा हिस्सा जातो आणि थंडीत फटका मोठा बसतो.

कौलांवर बसवावेच लागले तर

कौलाला भोक पाडू देऊ नका. एवढी एक अट करारात लिहून घ्या. भोकात भरलेले सिलिकॉन उन्हात दोन-चार वर्षांत सुकते आणि पाणी थेट वाशावर उतरते. योग्य पद्धत हुकाची आहे. त्या जागेचे कौल वर सरकवायचे, स्टेनलेस स्टीलचा हूक वाशाला पक्का करायचा आणि त्याचा वाकलेला हात दोन कौलांच्या जोडामधून बाहेर काढायचा. वरचे कौल परत नीट बसावे म्हणून त्याची खालची कड आतून किंचित घासावी लागते. हुकाचा हात खालच्या कौलाला टेकता कामा नये, मधे चार-पाच मिलिमीटर फट हवी. टेकला तर पहिल्याच मोठ्या वाऱ्यात हूक दबतो आणि कौल तडकते. माळ्यावरून वर पाहिले तर हूक रिपेला मारलाय की वाशाला, हे डोळ्यांनी दिसते. रिपेला मारला असेल तर काम थांबवा.

कामगारांना कौलांवर थेट चालू देऊ नका. आढ्यावरून लटकवलेल्या शिडीवर किंवा फळीवरून काम करायला सांगा. बहुतेक कौले बसवण्याच्या दिवशीच फुटतात. जुनी कौले विकणाऱ्याकडून त्याच शिक्क्याची पन्नासेक कौले आधीच आणून ठेवा.

दुसरी गोष्ट शाकारणीची. दर वर्षी पावसाआधी कौले चाळली जातात, फुटकी बदलली जातात. पॅनेलखालच्या कौलांपर्यंत हात पोचला नाही तर तिथली गळती वासा कुजेपर्यंत कळत नाही. म्हणून पॅनेल एकाच मोठ्या चौकोनात न लावता दोन ओळींत, मधे माणूस शिडी टाकेल एवढी वाट सोडून लावा. खाली दहा-पंधरा सेंटिमीटर मोकळी जागा ठेवून कडेने जाळी लावा. नाहीतर पाने साचून पाणी अडते आणि उंदीर घर करतात.

दिसण्याचे बघा

निळ्याऐवजी पूर्ण काळी, काळ्या चौकटीची पॅनेल घ्या. अनुदान हवे असेल तर ती देशी बनावटीची असावी लागतात, हे आधीच विचारून घ्या. पॅनेल कौलांच्या उताराला समांतर ठेवा. आढ्याखाली, वळचणीला आणि दोन्ही कडांना कौलांच्या किमान दोन ओळी मोकळ्या सोडा. असा तांबडा काठ राहिला की चौकोन छपरात बसल्यासारखा दिसतो, आणि कडेला वाऱ्याचा जोर सर्वाधिक असल्याने बांधणीलाही ते सोयीचे. तडितरक्षकाचा दांडा, इन्व्हर्टर आणि केबल यांचा विचार कोणी करत नाही, मग ते दर्शनी भिंतीवर येऊन बसतात. त्यांची जागा नकाशावरच मागे दाखवा. केबल नळीतून बाहेरच्या कोपऱ्याने खाली आणा, वाशांवरून नको.

कौलासारखी दिसणारी सौर कौलेही असतात. इटलीत पॉम्पेईच्या उत्खनित अवशेषांमध्ये अशी मातीच्या रंगाची कौले वापरली आहेत. पण त्यांतून मिळणारी वीज नेहमीच्या पॅनेलपेक्षा कमी आणि किंमत बरीच जास्त. आपल्या घरासाठी सध्या तरी हा पर्याय मी सुचवणार नाही.

अर्जासोबत काय द्यावे

संवर्धन क्षेत्रात पालिका आणि नगरनियोजन खात्याला आधी विचारा, मुंबईत वारसा संवर्धन समितीला. केंद्र संरक्षित स्मारकापासून 100 मीटरच्या आत नवे बांधकाम निषिद्ध आणि त्यापुढच्या 200 मीटरमध्ये नियंत्रित असते, त्यामुळे तिथे वेगळी परवानगी लागते का ते लेखी विचारून घ्या. अर्जात शब्दांपेक्षा फोटो जास्त काम करतात. पॅनेलच्या मापाचे काळे प्लास्टिक कापून ठरलेल्या जागी एक दिवस पसरा, आणि गल्लीच्या दोन्ही टोकांवरून, समोरच्या ओट्यावरून, टेकडी असेल तर तिथूनही फोटो काढा. सोबत इंजिनिअरचा वाशांबद्दलचा दाखला आणि पॅनेल काढल्यास कौले पूर्ववत होतील याचे रेखाचित्र जोडा. काम नोव्हेंबर ते मार्चमध्ये उरका. पहिल्या दोन मोठ्या पावसांत बॅटरी घेऊन माळ्यावर जा आणि प्रत्येक हुकाखालचा वासा हाताने चाचपा. ओल लागली तर त्याच आठवड्यात कौल काढून बघा, पाऊस थांबायची वाट पाहू नका.