उत्पादक कंपनीच्या सभेत कराविषयी बोलताना: भाव आणि बोनस यांतला फरक कसा समजावावा

मुंबईच्या बाजारात माल पाठवणाऱ्या शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या वार्षिक सभांना मी अनेक वर्षे दादरहून जाऊन बोलतो. ताळेबंद वाचलेला असणे आणि सभासदांची यादी हाताशी असणे मी गृहीत धरतो.

भाषणाची सुरुवात एका गैरसमजापासून करा. ‘शेतकऱ्यांची कंपनी आहे, म्हणजे कर नाही’ असे अजूनही सांगितले जाते आणि ते चूक आहे. आपल्या शेतात पिकवलेल्या मालाचे पैसे शेतकऱ्याच्या हातात कृषी उत्पन्न म्हणून करमुक्त असतात. पण कंपनी तोच माल विकत घेऊन पुढे विकते, तेव्हा तिचा नफा व्यापाराचा नफा ठरतो. उलाढाल १०० कोटी रुपयांपेक्षा कमी असलेल्या उत्पादक कंपन्यांना १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम ८०-पीएखाली सभासदांच्या मालाची विक्री, त्यावरील प्रक्रिया आणि सभासदांना निविष्ठांचा पुरवठा यांच्या नफ्यावर पूर्ण वजावट मिळत असे. मात्र ती सवलत २०२३-२४ या आर्थिक वर्षापर्यंतच होती. सहकारी संस्थांसाठीची करवजावट कंपनीला लागू होत नाही. एवढे दोन मिनिटांत सांगून पुढे जा.

खरी कसोटी यानंतर लागते. सवलत संपल्यावर कंपनीच्या हाती कायदेशीर मार्ग उरतो तो रोखून ठेवलेल्या किमतीचा. मालाची एकूण किंमत ठरते, तिचा काही भाग माल घेताना दिला जातो आणि उरलेला भाग देणे म्हणून कंपनीकडे राहतो. हा भाग मालाच्या खरेदीचा खर्च असल्यामुळे नफा काढण्याआधीच वजा होतो. बोनस मात्र वर्षअखेरीच्या शिलकीतून, सभासदाने कंपनीशी केलेल्या व्यवहाराच्या प्रमाणात वाटला जातो, म्हणून तो कर भरल्यानंतरच्या पैशांतून येतो.

पहिल्या काही सभांत मी हे कलमांच्या क्रमांकांनिशी समजावत असे आणि कोणालाही काही कळत नसे. एका सभेत पुढच्या रांगेतले आजोबा उठून म्हणाले, “साहेब, हा पैसा आमचा की कंपनीचा, तेवढं सांगा.” तेव्हापासून मी फळ्यावर कांद्याचा हिशेब मांडतो, आणि तुम्हीही तेच करा, असे माझे ठाम मत आहे.

कंपनीने सभासदांकडून १,००० क्विंटल कांदा घेतला, तो २० लाखांना विकला आणि वाहतूक-हमालीवर २ लाख खर्च केले, असे धरा. माल १,५०० रुपये क्विंटलने घेतला असेल तर खरेदी १५ लाखांची आणि नफा ३ लाखांचा होतो. त्यावर २५ टक्के कर आणि कराच्या रकमेवर ४ टक्के उपकर, म्हणजे एकूण ७८,००० रुपये जातात आणि २,२२,००० उरतात. आता संचालक मंडळाने हंगामाआधी भाव १,७०० ठरवला, १,५०० लगेच दिले आणि २०० रोखून ठेवले, असे समजा. खरेदी १७ लाखांची होते, नफा १ लाखावर येतो आणि कर २६,००० रुपये लागतो. सभासदांचे २ लाख आधीच त्यांच्या नावावर देणे आहेत, शिवाय कंपनीकडे ७४,००० शिल्लक राहतात. दोन्ही हिशेबांत ५२,००० रुपयांचा फरक पडतो. राखीव निधीची तरतूद या उरलेल्या रकमेतूनच करायची असते, हेही इथेच सांगून टाका.

यानंतर इशारा द्या, आणि तो घाईने उरकू नका. मी पाहिलेल्या एका कंपनीने मार्चअखेर नफा दिसल्यावर जूनमध्ये ठराव केला, त्यात ‘बोनस’ हाच शब्द लिहिला आणि पुस्तकांत ती रक्कम मागच्या वर्षीची खरेदी म्हणून दाखवली. कर अधिकाऱ्याने ती खरेदी मानली नाही, आणि ते योग्यच होते. ज्या देण्याची जबाबदारी ३१ मार्चपूर्वी निर्माण झालेली नाही, ते त्या वर्षाचा खर्च होत नाही. ‘नफा झाला तर देऊ’ असे लिहिणेही तितकेच घातक आहे, कारण मग ती किंमत न राहता नफ्याचे वाटप ठरते. भाव बाजारभावाच्या आत ठेवा. संचालकांच्या स्वतःच्या मालाला जादा दर दिसला की अधिकाऱ्याचे पहिले बोट तिथेच पडते.

कागद तपासायची खूण सोपी आहे. सभासदाला दिलेल्या माल पावतीवर एकूण भाव, दिलेली रक्कम आणि रोखून ठेवलेली रक्कम हे तिन्ही आकडे आवक झाली त्याच दिवशी लिहिलेले असले पाहिजेत. पावतीवर फक्त १,५०० असतील, तर ठराव कितीही चांगला असला तरी तो टिकवणे कठीण जाते.

२२ टक्क्यांच्या पर्यायी दराविषयी एकच वाक्य बोला: अधिभार व उपकर धरून तो सुमारे २५.१७ टक्के पडतो आणि एकदा निवडल्यावर मागे घेता येत नाही, म्हणून निर्णय लेखापरीक्षकासोबत घ्यावा.

शेवटी पुढच्या हंगामाच्या ठरावाचा मसुदा सभेत मोठ्याने वाचा, आणि पहिली गाडी भरण्यापूर्वी संचालक मंडळाची बैठक कोणत्या तारखेला होणार, ते सभासदांसमोरच इतिवृत्तात लिहून घ्या.