कर्ज काढल्याने मालकाचा परतावा वाढतो की घटतो, हे कसे काढावे

स्थिर दराचं कर्ज घेतलं की व्याजाचा आकडा ठरून जातो, धंदा चालो वा न चालो. त्या व्याजापेक्षा धंद्याने जे जास्त कमावलं ते सगळं मालकाचं आणि कमी पडलं तर तेही मालकाच्याच खिशातून. हा फरक नेमका किती, हे तासाभरात काढता येतं.

एक छोटं मशीनिंग जॉबवर्कचं युनिट धरू. एकूण भांडवल १०० लाख रुपये. व्याज आणि कर वजा करण्यापूर्वीचा, पण घसारा वजा केल्यानंतरचा नफा १८ लाख. कर्जाचा दर १२ टक्के, आणि वर्षभर कर्ज तेवढंच राहिलं असं समजू.

आधी धंद्याची स्वतःची कमाई काढा. नफा-तोटा पत्रकातल्या करपूर्व नफ्यात कर्जाचं व्याज पुन्हा जोडा. जुनी मशीन विकून आलेला नफा आणि एफडीचं व्याज बाजूला काढा. प्रोप्रायटरी धंद्यात मालकाच्या कामाचा पगार खर्चात धरलेलाच नसतो. त्या कामाला माणूस ठेवला तर जे द्यावं लागेल ते वजा करा. बहुतेकांचा हिशोब इथेच फुगतो. आलेल्या आकड्याला एकूण भांडवलाने, म्हणजे स्वतःचं भांडवल अधिक व्याजाचं सगळं कर्ज (कॅश क्रेडिट म्हणजे सीसीसुद्धा) याने भागा. आपल्या युनिटचं उत्तर १८ टक्के.

मग कर्जाचा खरा दर पाहा. 'फ्लॅट ८ टक्के' असं सांगून दिलेलं ५ वर्षांचं हप्त्याचं कर्ज घटत्या शिलकीवर सुमारे १४ टक्क्यांना पडतं, कारण मुद्दल फिटत आली तरी व्याज मूळ रकमेवरच लागत राहतं. तुलना नेहमी घटत्या शिलकीच्या दराशी करा, आणि प्रोसेसिंग फीही त्यात धरा.

आता सूत्रात घाला:

स्वभांडवलावरचा परतावा = धंद्याची कमाई % + (धंद्याची कमाई % − व्याजदर %) × (कर्ज ÷ स्वभांडवल)

कर्ज शून्य असेल तर परतावा १८ टक्के. निम्मं कर्ज, म्हणजे ५० लाख घेतलं तर ६ लाख व्याज जाऊन १२ लाख उरतात. स्वतःच्या ५० लाखांवर ते २४ टक्के झाले. ७५ लाख कर्ज घेतलं तर ९ लाख उरतात आणि स्वतःचे २५ लाखच असल्याने परतावा थेट ३६ टक्के. हे सगळं करपूर्व आहे. व्याज करपात्र नफ्यातून वजा होत असल्याने कर धरला तरी १२ टक्क्यांची सीमारेषा हलत नाही.

हाच हिशोब वाईट वर्षासाठी करा. हा भाग टाळू नका, कारण नफा विक्रीपेक्षा फार वेगाने पडतो. समजा विक्री ९० लाख, मालासोबत बदलणारा खर्च ४० लाख, आणि भाडं, पगार, घसारा मिळून ३२ लाख. विक्री २० टक्क्यांनी घटली तर बदलता खर्च जाऊन ५० ऐवजी ४० लाख राहतात, पण ३२ लाख तसेच. कमाई १८ वरून ८ लाख! आता बिनकर्जाच्या मालकाला ८ टक्के, निम्मं कर्ज असलेल्याला ४ टक्के आणि ७५ लाखवाल्याला उणे ४ टक्के. उलटा फेर कुठे सुरू होतो? कमाई १२ लाखांवर आली की, म्हणजे विक्री फक्त १२ टक्क्यांनी घसरली की. तुमच्या धंद्यात एवढी घसरण दर तीन-चार वर्षांनी होत असेल तर ७५ लाखांचा आकडा विसरा.

उणे ४ टक्के हा आकडाही सौम्यच म्हणायचा, कारण सूत्रात मुद्दलाची परतफेड कुठेच नाही. ७५ लाखांचं ५ वर्षांचं कर्ज म्हणजे वर्षाला जवळपास २० लाखांचे हप्ते. वाईट वर्षात ८ लाख कमाई आणि घसाऱ्याचे, समजा, ७ लाख मिळून हातात १५ लाखच येतात. तोटा कागदावर १ लाखाचा, पण हप्त्यांना ५ लाख कमी. सीसी मर्यादेला टेकलेली राहू लागली की हेच चालू आहे असं समजा.

नवं कर्ज घेताना सरासरी पाहू नका. ५० लाख कर्ज असलेल्या आपल्या युनिटने आणखी २० लाख १२ टक्क्यांनी घेऊन मशीन आणली आणि ती घसारा जाऊन २ लाखच देते, असं धरा. एकूण कमाई २० लाख, म्हणजे १२० लाखांवर १६.७ टक्के; व्याजदरापेक्षा अजून बरीच वर, म्हणून सगळं ठीक वाटतं. पण व्याज ८.४ लाख जाऊन ११.६ लाख उरले आणि मालकाचा परतावा २४ वरून २३.२ टक्क्यांवर आला. त्या मशीनची १० टक्के कमाई तिच्याच कर्जाच्या १२ टक्क्यांशी लावून पाहायला हवी होती. कोटेशन मागवतानाच, तिच्यावर महिन्याला खात्रीने किती तासांचं काम मिळेल हे धरून हा आकडा काढा.