पगार सातला, हप्ता पाचला

मी सातपूरच्या कारखान्यात आहे, पगार ७ तारखेला. गृहकर्जाचा हप्ता मात्र ५ ला कापला जायचा. दोनदा खात्यात पैसे कमी पडले. बँकेने दंड लावला, वर जीएसटी.

शेवटी शाखेत अर्ज देऊन हप्ता १० तारखेला घेतला. मधल्या पाच दिवसांचं व्याज एकदाच भरावं लागलं, पण ते परवडलं. १० च का? ७ ला रविवार आला की आमचा पगार सोमवारी होतो, हप्ता मात्र १ ऑगस्ट २०२१ पासून रविवारीही कापला जातो.

घरमालककाकांना विचारून भाडं ८ ला ठरवलं. मुलीची फी तिमाही ९,००० रुपये, म्हणून ९ तारखेला ३,००० वेगळ्या खात्यात जातात. आवर्त ठेव ११ ला. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर बायकोने या तारखांना लाल गोल केलेत.